धागा: आजीच्या तोंडचं ‘झालो’ आणि ‘लावूलालो’: ग्लॉस कसा लिहायचा? (इलानमधलं काम)

सुगी_बेळगाव · शनिवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात माझ्या मावशीआजीचं रेकॉर्डिंग केलंय. वय 78. भाताच्या लावणीच्या दिवसांबद्दल ती बोलली आहे. एकूण 38 मिनिटं, WAV फाईल, 48 किलोहर्ट्झ. इलानमध्ये तिच्या बोलण्याचे तुकडे पाडून झाले, प्रत्येक तुकडा देवनागरीत लिहून झाला. आता शब्दाखाली रूपिका आणि रूपिकेखाली ग्लॉस भरायला घेतलंय आणि पहिल्याच पानावर अडले.

वाक्य असं आहे: मी रोप लावूलालो, तंवर पाऊस आला, सगळी ओली झालो.

मी आधी असं लिहिलं होतं:

```
लावू-ला-ल-ओ
लाव-लाग-PFV-M.1SG
```

दोन शंका. एक, ‘लावूलालो’ म्हणजे मुळात ‘लावू लागलो’ असणार, म्हणून मी ‘लाग’ वेगळा काढला. पण आजीला ‘लावायला सुरुवात केली’ असं म्हणायचं नाहीये, ‘लावत होते’ म्हणायचंय. दोन, ती बाई आहे. मग ‘ओ’खाली पुल्लिंग कसं लिहू? आमच्या भागात बायका ‘मी आलो, मी जातो’ असंच म्हणतात हे इथं सगळ्यांना माहीत आहेच. पण ग्लॉसमध्ये ते कसं दाखवायचं ते कळेना.

---

शब्दवेडी_पुणे · रात्री 10:05

किती छान काम! यूट्यूबवर टाकणार असाल तर इलानमधून SRT फाईल काढता येते, सबटायटल लगेच बसतात. फक्त ‘झालो’चं ‘झाले’ करून घ्या, म्हणजे सगळ्यांना कळेल.

---

सुगी_बेळगाव · रात्री 10:20

ताई, SRT काढेन कधीतरी, पण हे सबटायटलसाठी नाहीये. आजी जे बोलली तेच लिहायचंय. प्रमाण मराठीतला अर्थ मी वेगळ्या टियरवर देतेच आहे, तिथं ‘सगळी भिजून ओली झाले’ असंच लिहिलंय. वरच्या ओळीत मात्र ‘झालो’ राहणार.

---

निपाणीकर · रात्री 11:12

‘लाग’ काढून टाका. ‘ल’खाली PFV लिहिणं तर चूकच आहे. पुरावा सोपा आहे. लावणे हे सकर्मक क्रियापद. भूतकाळ असता तर क्रियापद कर्माप्रमाणे फिरलं असतं: मी रोप लावलं. इथं ‘लावूलालो’, म्हणजे कर्त्याप्रमाणे. म्हणजे तो ‘ल’ भूतकाळाचा नाही. झालं.

आणि शब्दांच्या टियरला तुम्ही कोणता प्रकार दिलाय? Time Subdivision द्या. म्हणजे प्रत्येक शब्दाला वेळ मिळते, नंतर शब्दावर क्लिक केलं की तेवढाच आवाज ऐकता येतो.

---

मार्कंडेय · रविवार, सकाळी 7:30

सुगीताई, वाक्य छान सापडलंय तुम्हाला. दोन्ही शंकांची उत्तरं बरीचशी त्या एकाच वाक्यात आहेत.

आधी ‘ओ’ घेऊ. पुण्याच्या मराठीत आपण ‘गेलो’मधल्या ‘ओ’ला पुल्लिंग म्हणतो, कारण समोर ‘गेले’ उभं असतं. पुरुष ‘गेलो’ म्हणतो, बाई ‘गेले’ म्हणते. दोन रूपांत फरक आहे म्हणून लिंग ‘ओ’त आहे. तुमच्या आजीच्या बोलण्यात ‘मी गेले’ कधी येतं का? येत नसेल तर समोर उभं राहायला काहीच नाही, आणि मग ‘ओ’ लिंग सांगतच नाही.

आता त्याच वाक्याचा शेवट बघा: ‘सगळी ओली झालो’. ‘सगळी’ स्त्रीलिंगी, ‘ओली’ स्त्रीलिंगी, आणि लगेच ‘झालो’. आजी स्वतःबद्दल पुल्लिंग वापरत असती तर ‘सगळा ओला झालो’ म्हणाली असती. तिला तिचं लिंग विशेषणात नीट दाखवता येतंय, ती दाखवतेय. क्रियापदाच्या ‘ओ’त ते दाखवायची सोयच नाही. म्हणून M लिहू नका.

उद्या कोणी तुमच्या फायलींत M शोधून मोजायला बसला तर ‘बेळगावकडच्या बायका पुल्लिंगी बोलतात’ असा निष्कर्ष काढील. तो आजीच्या बोलण्यातून आलेला नसेल, तुमच्या ग्लॉसमधून आलेला असेल.

संख्येचंही तसंच. ‘आम्ही गेलो’ आणि ‘मी गेलो’ यांत आजी फरक करत नसेल तर ‘ओ’ फक्त ‘प्रथम पुरुष’ एवढंच सांगतो. मी असं लिहीन:

```
झा-ल-ओ
हो-PFV-1
```

पण हे लिहिण्याआधी ‘आम्ही’ची सगळी वाक्यं काढून कानाला हेडफोन लावून ऐका. कुठं अनेकवचनात शेवटचा स्वर नाकातून येतोय का, लांबतोय का? तसं असेल तर संख्या आहे आणि मग 1SG, 1PL असं वेगळं लिहावं लागेल. लिहून काढताना आपण सवयीनं दोन्हीकडं ‘ओ’ लिहून जातो आणि फरक तिथंच बुजतो. त्यामुळं लिहिलेल्यावर जाऊ नका.

---

मार्कंडेय · सकाळी 7:55

आता ‘लावूलालो’. निपाणीकरांचं उत्तर बरोबर आहे, पण पुरावा चालत नाही. ‘लागणे’ हे सहाय्यक क्रियापद अकर्मक आहे. प्रमाण मराठीतही ‘मी रोप लावू लागलो’ असंच होतं, कर्त्याप्रमाणेच. म्हणजे ‘ल’ खराखुरा भूतकाळाचा असता तरी रूप कर्त्याप्रमाणेच फिरलं असतं. त्या पुराव्यावरून या बाजूनं की त्या बाजूनं काहीच ठरत नाही.

ठरवायचं असेल तर तीन गोष्टी आजीच्याच बोलण्यात शोधा.

पहिली, ‘आत्ता’बरोबर हे रूप येतं का. ‘आत्ता जेवूलालो’ असं ती म्हणत असेल तर ‘ल’मध्ये भूतकाळ उरलेला नाही.

दुसरी, ‘लावू लागलो’ हे रूपही तिच्याकडं ‘सुरुवात केली’ या अर्थानं वेगळं जिवंत आहे का. दोन्ही असतील आणि अर्थ वेगळे असतील तर ‘लावूलालो’तला ‘लाग’ तिच्यासाठी ‘लाग’ राहिलेला नाही.

तिसरी, मध्ये काही घुसतं का. ‘लावूच लागलो’ म्हणता येतं. ‘लावूच लालो’ म्हणते का ती? म्हणत नसेल तर ‘ऊलाल’ हा एकच तुकडा आहे.

ग्लॉस हा शब्दाचा इतिहास नसतो. आजच्या बोलण्यात तो तुकडा काय काम करतो ते तिथं लिहायचं. ‘लागणे’पासून आलं असणार हे मलाही पटतं, पण त्याची जागा टिपणाच्या टियरवर.

---

चंदगडी · सकाळी 9:02

आमच्याकडं बी असंच हाय की. मी स्वतः ‘आत्ता चहा पिऊलालो’ म्हणते, आणि मी बाईच हाय. ‘पिऊच लालो’ असं मात्र तोंडाला येत नाही, कायतरी तुटल्यागत वाटतं. ‘लागलो’ वेगळं. ‘पोरगं चालू लागलं’ म्हणजे पहिल्यांदा चाललं. ‘पोरगं चालूलालंय’ म्हणजे आत्ता चालत हाय.

पण एक सांगते. माझी पोरगी शाळेत जाते, ती घरात ‘मी आलो’ म्हणते आणि बाईंसमोर ‘मी आले’. तिचं रेकॉर्डिंग केलं तर काय करणार?

---

मार्कंडेय · सकाळी 9:40

ताई, तुमचा प्रश्न अवघड आहे. तुमच्या मुलीकडं ‘आलो’ आणि ‘आले’ दोन्ही आहेत. पण तिच्याकडं ती बाई-पुरुष अशी जोडी आहे की घर-शाळा अशी? ‘आले’खाली F.1SG लिहिणं बहुतेक योग्य, कारण मुलगे ते म्हणणार नाहीत. ‘आलो’खाली मी तरीही 1च लिहीन. पण माझी यावर खात्री आहे असं म्हणत नाही. बोलणाऱ्याचं वय, शाळा, समोर कोण बसलं होतं, हे रेकॉर्डिंगच्या माहितीत लिहून ठेवा. ग्लॉसमध्ये ते कोंबायला गेलं की ग्लॉस बिघडतो.

---

खानापूर_रान · सकाळी 11:15

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण इलानचाच आहे. मी मोबाईलवर mp3 मध्ये रेकॉर्ड केलं. त्यावर खुणा केल्या. मग मित्रानं सांगितलं म्हणून WAV करून तीच जोडली. आता सुरुवातीला सगळं बरोबर बसतंय, पण 25 व्या मिनिटाला खूण आधी येते आणि आवाज मागून. mp3 असताना लहरचित्र दिसत नव्हतं, आता दिसतंय, आणि खुणा शांततेवर पडल्यात. सगळं परत करायचं का?

---

मार्कंडेय · दुपारी 12:30

तीन ठिकाणी तपासा: पहिलं मिनिट, मधलं, शेवटचं. फरक तिन्हीकडं सारखा असेल तर सगळ्या खुणा एकदम पुढं-मागं सरकवता येतात, दोन मिनिटांचं काम. तुम्ही सांगताय त्यावरून फरक वाढत जातोय. mp3 मध्ये, विशेषतः बिटरेट बदलता असेल तर, प्लेयर मधल्या कुठल्याही जागेवर उडी मारताना वेळेचा अंदाज बांधतो आणि तो चुकतो. तुमच्या खुणा त्या चुकलेल्या वेळेवर पडल्यात. WAV बरोबर आहे, खुणा चुकल्यात.

ज्या भागात तुम्ही सलग ऐकत खुणा केल्या तिथं फरक सारखाच असण्याची शक्यता आहे. तेवढे गट करून सरकवा. जिथं उड्या मारत काम केलंत तिथं हातानंच नीट करावं लागेल. आणि यापुढं खुणा करायच्या त्या WAVवरच.

---

निपाणीकर · दुपारी 1:05

सर, ‘लागलो’चं मान्य. डोक्यात ‘लावलं’ होतं म्हणून तसं लिहिलं. पण Time Subdivision बद्दल तुम्ही काही बोलला नाहीत.

---

मार्कंडेय · दुपारी 1:40

ते मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. तुम्हाला प्रत्येक शब्दाची लांबी मोजायची असेल, स्वरांचा अभ्यास करायचा असेल तर Time Subdivision हवंच. ग्लॉससाठी नको. Tokenize नं वाक्य फोडून त्या टियरवर टाकलं की इलान वाक्याचा वेळ शब्दांत समान वाटून देतं. ‘मी’ला जेवढा वेळ तेवढाच ‘लावूलालो’ला. दिसायला प्रत्येक शब्दाला सुरुवात-शेवट आहे, पण त्या खुणा कोणी ऐकून केलेल्या नाहीत. पुढं कोणी त्या मोजून ‘शब्द किती लांब’ असं काढलं तर सगळंच खोटं. शिवाय त्यात मध्ये मोकळी जागा राहू शकत नाही, आणि आजी ‘तंवर’नंतर श्वास घेते की नाही ते तुम्हालाच ठाऊक.

वेळ फक्त सगळ्यात वरच्या टियरवर ठेवा, खाली सगळं त्याला लटकवा. माझी रचना अशी असते, `@` नंतर बोलणाऱ्याचं लघुरूप:

```
ref@AJ            वेळ इथंच
  tx@AJ           Symbolic Association
    wd@AJ         Symbolic Subdivision
      mb@AJ       Symbolic Subdivision
        gl@AJ     Symbolic Association
    ft@AJ         Symbolic Association
```

`gl` हा `mb`चा Symbolic Association असल्यामुळं एका रूपिकेला एकच ग्लॉस बसतो. लाइपझिगच्या नियमांत दोन्ही ओळींतल्या जोडचिन्हांची संख्या सारखी हवी असं जे म्हटलंय, ते इथं रचनाच सांभाळते. तुम्हाला फक्त रिकामे राहिलेले ग्लॉस शोधायचे उरतात. फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर रूपिका अशी दिसते:

```
<REF_ANNOTATION ANNOTATION_ID="a214"
  ANNOTATION_REF="a97" PREVIOUS_ANNOTATION="a213">
  <ANNOTATION_VALUE>-ऊलाल</ANNOTATION_VALUE>
</REF_ANNOTATION>
```

यात वेळ कुठंच नाही बघा. a97 हा शब्द, a213 ही आधीची रूपिका. एवढंच.

आजीबरोबर शेजारीण मध्ये बोलत असेल तर तिला तिचा पूर्ण वेगळा संच द्या. एकाच टियरवर दोघींना घालायला गेलात तर जिथं दोघी एकदम बोलतात तिथं एकीचं बोलणं कापावं लागतं.

---

सुगी_बेळगाव · सोमवार, रात्री 10:50

सर, रचना तुम्ही म्हणता तशीच करून घेतली. माझा शब्दांचा टियर आधी चुकून Time Subdivisionच होता. टियरवर काम झाल्यावर प्रकार बदलता येईना, म्हणून टियर कॉपी करून नवीन प्रकार दिला.

पण मधल्या काळात एक मोठी गडबड झाली. 12 मिनिटांचे ग्लॉस भरून झाले होते. मग लक्षात आलं की मी ‘तंवर’ कुठं ‘तवर’ तर कुठं ‘तंवर’ लिहिलंय. `tx` वर दुरुस्ती केली. खाली शब्द तेच जुने राहिले, म्हणून Tokenize परत चालवलं आणि जुनं पुसून नवीन लिहायचा पर्याय निवडला. शब्द नवे आले, पण त्यांच्याखालच्या रूपिका आणि ग्लॉस सगळे गेले. जुना शब्द गेला की त्याला लटकलेलं सगळं जातं हे डोक्यातच आलं नाही. मी लगेच सेव्ह केलं होतं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

---

मार्कंडेय · रात्री 11:10

थांबा, त्या फाईलला हात लावू नका. File मेनूतला Automatic Backup चालू केला होता का? फोल्डरमध्ये `.eaf.001` नावाची फाईल आहे का बघा.

---

सुगी_बेळगाव · रात्री 11:32

आहे! 10 मिनिटांवर लावला होता कधीतरी. तिची प्रत करून नाव बदलून `.eaf` केलं आणि उघडलं. सगळं परत आलं, शेवटचे चार तुकडे सोडून. डोळ्यात पाणी आलं सर.

---

मार्कंडेय · रात्री 11:45

बरं झालं. आता दुरुस्ती Tokenizeनं करू नका. `tx`, `wd` आणि `mb` तिन्हींवर ‘तवर’ शोधून ‘तंवर’ करा. शोध-बदल फक्त मजकूर बदलतो, लटकलेलं तुटत नाही. शब्दांची संख्या बदलत असेल, म्हणजे एका शब्दाचे दोन होत असतील, तर तेवढ्याच वाक्यात हातानं करा.

शोधताना एक ध्यानात ठेवा. ‘ॲ’ दोन प्रकारे टाईप होतो, एक सलग अक्षर `U+0972` आणि एक ‘अ’वर चंद्र, `U+0905` `U+0945`. डोळ्याला जवळजवळ सारखे, शोधाला वेगळे. तुमच्या आजीच्या बोलण्यात ‘ॲ’चे शब्द कमी असतील, पण तरुण मंडळींच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘ॲडमिशन’ निम्मेच सापडतात ते यामुळं. एकच प्रकार ठरवून सगळीकडं तोच करा.

---

निपाणीकर · मंगळवार, सकाळी 8:20

रूपिका देवनागरीत तोडताना तुम्ही ‘लाव्-ऊलाल-ओ’ असं पाय मोडून लिहिताय की ‘लाव-ऊलाल-ओ’? मी रोमनच वापरतो, त्यात ही भानगड नाही.

---

सुगी_बेळगाव · सकाळी 8:45

पाय मोडून. मात्रा अक्षराला चिकटते, म्हणून ‘लावू’ मधून ‘ऊ’ काढायचा तर ‘व’चा पाय मोडावाच लागतो. रोमन सोपं आहे हे खरं, पण माझ्या आजीची नातवंडं हे वाचणार आहेत, त्यांना देवनागरीच हवी. रोमनचा एक टियर नंतर भरीन.

---

सुगी_बेळगाव · शुक्रवार, रात्री 9:15

काल गावी जाऊन आले. आजीला मुद्दाम काही विचारलं नाही, चुलीपाशी बसून रेकॉर्डर चालू ठेवला. ‘आत्ता भाकरी थापूलालो, थांब की जरा’ हे आपसूक मिळालं. म्हणजे ‘आत्ता’ची परीक्षा झाली. ‘लागली’ही मिळालं, ‘म्हस दूध देऊ लागली’, तिथं अर्थ सुरुवातीचाच. ‘ऊच लालो’ दोन्ही रेकॉर्डिंगांत एकदाही नाही. पण नाही सापडलं म्हणजे नसतंच असं नाही, म्हणून ते टिपणात लिहून ठेवलंय.

‘आम्ही’ची 17 वाक्यं हेडफोन लावून ऐकली. मला नाकातला स्वर कुठं ऐकू आला नाही. दोन ठिकाणी पत्र्यावर पाऊस वाजतोय, ती सोडून दिली. आता वाक्य असं झालंय:

```
मी   रोप  लाव्-ऊलाल-ओ  तंवर  पाऊस  आ-ल-आ
1SG  रोप  लाव-PROG-1    तोवर  पाऊस  ये-PFV-M.SG

सगळ्-ई     ओल्-ई      झा-ल-ओ
सगळा-F.SG  ओला-F.SG   हो-PFV-1
```

मात्र एक नवीन वाक्य अडलंय. आजी म्हणते, ‘मी लई काम केलो’. केलं नाही, केलो. मग निपाणीकरांची कर्माची गोष्टच तिच्या बोलण्यात सगळीकडं लागू होत नाही असं दिसतंय. पण तीच आजी आणखी दोन ठिकाणी ‘मी भाकरी केली’ असंही म्हणते.

---

चंदगडी · रात्री 9:50

‘काम केलो’ आमच्यात बी ऐकू येतं. पण ‘भाकरी केलो’? मला नाही वाटत. थांबा, सासूबाईंना न सांगता ऐकते चार दिवस.

---

मार्कंडेय · रात्री 10:30

दोन्ही जसंच्या तसं ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी कर्म काय आहे ते टिपणाच्या टियरवर लिहा. ‘काम करणे’ हे आजीसाठी एकच क्रियापद झालंय का, ‘काम’ला ती कर्म मानतच नाही का, असा मला संशय आहे. कन्नडमध्ये क्रियापद नेहमी कर्त्याप्रमाणंच फिरतं, त्याचाही हात असेल. दोन-तीन वाक्यांवर सांगता येणार नाही. ‘काम’ सोडून दुसरं कर्म आणि ‘केलो’ असं एक जरी वाक्य सापडलं तरी इथं टाका.